लॉजच्या बिलात रिक्षा बसत नाही

प्रश्न : भोसरीच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. मागच्या महिन्यात गोकुळ शिरगावला कस्टमरकडे मशीन दुरुस्तीला गेलो होतो, कोल्हापुरात दोन रात्री मुक्काम. लॉजचे २,९४० झाले, ते यूपीआयने दिले. रिक्षाचे ८२०, हमालाचे ८०, एक ऑइल सील घ्यावं लागलं त्याचे २६० आणि चहापाण्याचे १००, असे १,२६० वर गेले. धड बिल एकाचंही नाही. लॉजचा मॅनेजर म्हणाला, 'साहेब, ४,२०० चं करून देतो की.' आमची लिमिट रात्रीला २,२०० आहे, रोजचा भत्ता ३५० वेगळा. मी हो म्हटलं. अकाउंट्सच्या मॅडमनी सगळा क्लेम परत पाठवला, खरे २,९४० सुद्धा दिले नाहीत. जाताना पहाटे भोसरीहून स्वारगेटला ॲपची कॅब केली होती, तिचे ३८५ तर मी धरलेच नव्हते! मी एक रुपया खाल्लेला नाही. बिल कसं करून घेतलं असतं तर पास झालं असतं? आणि आता माझे पैसे कसे मिळतील?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो. पहिल्याचं देणार नाही. बिलं पास करायच्या खुर्चीत मी पस्तीस वर्षं बसलो, तेव्हा 'न सापडणारं बिल' कसं असतं हे मला विचारणारे तुम्ही पहिले नाहीत. त्यांनाही मी सांगितलं नाही.

तुम्ही पैसे खाल्लेले नाहीत, यावर माझा विश्वास आहे. अडचण अशी आहे की मॅडमच्या टेबलावर तुम्ही येत नाही, तुमचा कागद येतो. तो कागद म्हणतो, 'या माणसाने लॉजला ४,२०० रुपये दिले.' हे खोटं आहे. ते कशासाठी खोटं आहे, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

आता तो कागद माझ्यासमोर आला असता तर मी काय पाहिलं असतं ते सांगतो, म्हणजे मॅडमनी तुमच्यावर डूख धरला आहे असं वाटणार नाही. आधी पैसे कसे दिले ते. यूपीआयची नोंद २,९४० ची आणि बिल ४,२०० चं. वरचे १,२६० रोख दिले म्हणाल, तर एकाच बिलाचे दोन तुकडे का, हा पुढचा प्रश्न तयार. मग बिलातलं गणित. तुमचं खरं बिल दोन रात्रींचे २,८०० आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे सीजीएसटी ७० आणि एसजीएसटी ७०. मॅनेजरने करून दिलेल्यात ४,००० आणि दोन्ही कर शंभर-शंभर. बेरीज चोख आहे, पण त्याच लॉजचं चार महिन्यांपूर्वीचं कुणाचं तरी बिल फाइलला असतंच, आणि तिथे खोली १,४०० ची दिसते. सर्व्हिसवाले ठरलेल्या गावी ठरलेल्याच लॉजवर उतरतात, हे अकाउंट्सला तोंडपाठ असतं. (जाता जाता : २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या तारखेच्या बिलावर १२ टक्के दिसले की आमच्यासारख्यांची भुवई आपोआप वर जाते. कधी जुना फॉर्मॅट राहिलेला असतो, कधी जुनं बिलबुक.)

तिसरी गोष्ट बहुतेक फिरतीवाल्यांना माहीतच नसते. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर घातला असेल, तर ते बिल तुमच्या खिशापुरतं राहत नाही. दरमहा विवरण भरणारा लॉज पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आपलं जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण भरतो. त्यात तुमच्या कंपनीच्या नावाने बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम जाते. १४ तारखेला ते सगळं कंपनीच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या यादीत उमटतं. कंपनी त्या कराची वजावट घेवो न घेवो, नोंद दिसतेच. लॉजच्या मालकाने तिथे २,९४० दाखवले, तर तुमचं ४,२०० चं बिल उघडं पडलं. ४,२०० दाखवले, तर न मिळालेल्या पैशांवर त्याला ६० रुपये कर पदरचा भरावा लागेल. एवढा उदार लॉजमालक मी तरी पाहिलेला नाही. मॅनेजरने 'करून देतो की' म्हटलं ते मालकाला विचारून म्हटलं असेल, असंही समजू नका.

'निदान २,९४० तरी द्यायचे' ही तुमची तक्रार मला कळते, पण तसं करता येत नाही. २,९४० चं बिल मॅडमकडे आहेच कुठे? त्यांच्याकडे ४,२०० चं आहे. त्यातले खरे किती हे त्यांनी स्वतःच्या अंदाजाने ठरवून पैसे दिले, तर ऑडिटरच्या प्रश्नाला उत्तर त्यांना द्यावं लागेल, आणि 'आम्हाला बिल खोटं आहे हे माहीत होतं, म्हणून कमी दिले' हे उत्तर होत नाही. खोटा कागद कळूनही वहीत घेतला, तर खोट्या हिशोबात त्यांचाही हात लागला. नोकराने फसवण्याच्या हेतूने मालकाचे हिशोब खोटे करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४४ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. १,२६० रुपयांसाठी कुणी तिथवर जात नाही. पण कंपन्यांच्या शिस्तीच्या नियमांत 'मालकाच्या पैशाच्या व्यवहारात लबाडी' असं सरळ लिहिलेलं असतं, किती रुपयांची ते लिहिलेलं नसतं. मॅडमनी क्लेम नुसता परत केला, वर पाठवला नाही. माझ्या मते त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं आहे.

मला स्वतःला याहून महत्त्वाची वाटते ती बाब वेगळीच आहे. लॉजच्या बिलात रिक्षा कोंबली की रिक्षाचा खर्च कंपनीच्या लेखी झालेलाच नसतो. वहीत काय दिसतं? कोल्हापूरचा लॉज रात्रीला २,०००, आणि स्टँडवरून गोकुळ शिरगावला जायचा खर्च शून्य. पुढच्या वर्षी कुणी फिरतीचे दर ठरवायला बसला, तर तो म्हणेल स्थानिक प्रवासाला पैसे लागतच नाहीत. तुमच्यानंतर जाणारा पोरगाही मग मॅनेजरकडेच जाणार. ऑइल सीलचं तर आणखी वाईट. ते २६० प्रवासाचे नव्हतेच, ते त्या मशीनच्या कामाचे होते. मशीन वॉरंटीबाहेरची असेल, तर ते कस्टमरच्या बिलात लागले असते. लॉजच्या भाड्यात बुडवल्यावर ते कस्टमरकडून कसे मागणार?

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षातली गोष्ट. तेव्हा मी होतो ती कंपनी वेगळी होती. तिथे सोलापूरला माल घेऊन गेलेल्या ड्रायव्हरने पंक्चरचं बिल आणलं, ९५० रुपयांचं. बिल हाताने लिहिलेलं, आकडे इंग्रजी. मी ते खिडकीशी नेऊन उलटं धरलं. मागच्या बाजूला बॉलपेनचा दाब उमटतो, त्यात ५ आणि ० खोल होते आणि पहिल्या आकड्याची नुसती दांडी खोल होती, वरची गाठ फिकी. १ चा ९ केला होता. मी माझ्या हुशारीवर खूश होऊन कागद साहेबांकडे नेला आणि आठवड्याभरात तो माणूस घरी गेला. पुढे दोन महिन्यांनी क्लीनरकडून कळलं, की त्या रात्री गाडी रस्त्याच्या कडेला रुतली होती आणि क्रेनवाल्याने रोख ८०० घेतले होते, पावती न देता. ड्रायव्हरने सांगितलं नाही, कारण पावती नसली की पैसे मिळत नाहीत अशी त्याची समजूत होती. आम्हीही विचारलं नाही. बिल नामंजूर करणं बरोबरच होतं, आजही मी ते नामंजूरच करीन. पण 'हे वरचे ८०० कशाचे?' एवढं विचारायला मला दोन मिनिटं लागली असती.

तुम्हाला विचारणारी माणसं आहेत, तेव्हा तुमचं काम सोपं आहे. आधी लॉजला फोन करून पहिल्या, २,९४० च्या बिलाची प्रत मागवा. ते बिल त्यांच्या कॉम्प्युटरवर असणार. ४,२०० चा कागद मात्र स्वतः फाडू नका. तो मॅडमना फाइलला हवा आहे की लॉजला परत करायचा, ते त्यांनाच विचारा. लॉजने तो क्रमांक दप्तरी रद्द करायला हवा, आणि विवरणात गेला असेल तर क्रेडिट नोट काढायला हवी. हे मॅनेजरला नको, मालकाला किंवा त्यांच्या हिशोबनिसाला सांगा.

मग आपल्या साहेबांना तोंडी सांगा आणि त्यानंतर लेखी द्या. लेखीत 'चुकून' हा शब्द घालू नका. चुकून कुणी ४,२०० चं बिल करून घेत नाही, आणि एक खोटं निस्तरताना दुसरं लिहिलंत तर मॅडम यावेळी वर पाठवतील. एवढंच पुरे :

'माझ्या कोल्हापूर फिरतीच्या क्लेमसोबत जोडलेलं लॉजचं ४,२०० रुपयांचं बिल प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रकमेचं होतं. पावती नसलेले खर्च भरून निघावेत म्हणून मी ते तसं घेतलं. ते चूक होतं. तो क्लेम मी मागे घेत आहे. प्रत्यक्ष खर्चाचा नवा क्लेम, लॉजच्या २,९४० च्या मूळ बिलाची प्रत आणि पैसे दिल्याच्या नोंदीसह सोबत जोडला आहे.'

नव्या क्लेममध्ये प्रत्येक खर्च त्याच्या त्याच्या घरात जाऊ द्या. लॉज २,९४०, बिल आणि यूपीआयची नोंद एकमेकांशी जुळणारी. कॅबचे ३८५ तुम्ही सोडून दिलेत, याचं मला हसू आलं. बिनपावतीच्या खर्चाची सोय केली आणि ज्याचं पक्कं बिल मिळतं तोच खर्च विसरलात! ॲप उघडून जुन्या राइड्समध्ये जा, पावती ईमेलवर मागवता येते. तिच्यावर वेळ, सुरुवात, शेवट सगळं असतं. पहाटे भोसरीहून स्वारगेट, आणि त्यानंतर एसटीचं तिकीट, हे एकापाठोपाठ लागलं की कुणी काही विचारत नाही.

रिक्षाला पावती मिळत नाही, हे अकाउंट्सलाही माहीत आहे. त्यासाठीच व्हाउचर असतं. बहुतेक कंपन्यांत छापील पॅड असतं, नसेल तर साध्या कागदावर स्वतःच्या सहीने लिहिलेलं चालतं का ते विचारून घ्या. लोक तिथे चूक करतात ती 'स्थानिक प्रवास ८२०' अशी एकच ओळ लिहिण्याची. ती वाचून मला काहीच कळत नाही, म्हणून मी कापतो. त्याऐवजी फेरीगणिक ओळ लिहा. मंगळवार, सकाळी ९, एसटी स्टँडजवळचा लॉज ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, कस्टमरकडे जाण्यासाठी, २०० रुपये, यूपीआय. मंगळवार, संध्याकाळी ७, परत लॉजवर, २२० रुपये, रोख. अशा चार ओळी झाल्या की २००, २२०, २००, २०० मिळून ८२० होतात. त्यातला २२० चा आकडा बदलून २०० करू नका. चारही फेऱ्या सारख्या दिसल्या तर उलट संशय येतो, खरा खर्च असा सरळ रेषेत होत नाही. ज्या फेऱ्यांचे पैसे यूपीआयने दिले त्यांची नोंद जोडा. त्या नोंदीवर रिक्षावाल्याचं नाव असतं, 'रिक्षा' हा शब्द नसतो, म्हणून स्क्रीनशॉट एकटा पुरत नाही आणि व्हाउचरची ओळही एकटी थोडी लंगडीच. दोन्ही मिळून पुरतात.

सोबत तुमच्या सर्व्हिस रिपोर्टची प्रत लावा. त्यावर कस्टमरची सही आणि आत-बाहेरची वेळ असते. नऊची रिक्षा आणि पावणेदहाची आतली वेळ जुळली, की त्या दोनशे रुपयांना कुठल्याही छापील पावतीपेक्षा बळकट आधार मिळतो. हा कागद तुमच्याकडे होताच. तो नुसता सर्व्हिस डिपार्टमेंटच्या फाइलला पडला होता.

ऑइल सील प्रवासखर्चात घालू नका. त्याचा वेगळा कागद करा, जॉब नंबर घाला, दुकानाची जी काय चिठ्ठी असेल ती लावा, आणि सर्व्हिस रिपोर्टमध्ये 'सील बदललं' ही नोंद आहे ना ते पाहा. दुकानदाराला फोन करून पक्कं बिल मागता येतं, पण खरेदी ज्या दिवशी झाली त्याच तारखेचं आणि २६० चंच. तो म्हणाला 'कितीचं करू?', तर फोन ठेवा. जुनं सील फेकलं नसेल, तर तेही स्टोअरला जमा करा.

चहापाण्याचे १०० मात्र सोडा. रोजचा ३५० भत्ता त्याच्यासाठीच असतो. म्हणजे ४,२०० च्या त्या बिलात शंभर रुपये दोनदा मागितले गेले होते. तुम्ही एक रुपया खाल्ला नाही म्हणता आणि ते मनापासून म्हणता. पण खर्च एका गाठोड्यात बांधला, की आपल्याला स्वतःलाही आत काय आहे ते दिसेनासं होतं.

आता बेरीज करू. लॉज २,९४०, कॅब ३८५, रिक्षा ८२०, हमाल ८०, सील २६०. एकूण ४,४८५. बनवलेल्या बिलापेक्षा २८५ जास्त. हे दर वेळी असं होईल असं नाही. बिनपावतीच्या खर्चाला तुमच्या कंपनीत दिवसाची मर्यादा असू शकते, काही ठिकाणी रिक्षाऐवजी किलोमीटरचा दर धरतात, आणि मग ८२० चे ६०० होतील. ते तुमचं नुकसान आहे, आणि ते लॉजच्या बिलातून काढायचं नाही. तेव्हा साहेबांना लिहा की स्टँड ते गोकुळ शिरगाव दोन दिवसांत ८२० लागतात आणि मर्यादेत ६०० च बसतात. अशा दोन-तीन फिरत्यांचे कागद साठले की मर्यादा वाढवून मागायला तुमच्या हातात काहीतरी असतं. लॉजच्या लिमिटमध्ये रात्रीला ८०० शिल्लक होते, ते तुमचे नव्हते. लिमिट म्हणजे 'इथपर्यंत खर्च झाला तर देऊ', 'एवढे देणार आहोत' नव्हे. हा घोळ मी मोठमोठ्या मॅनेजरांचाही झालेला पाहिला आहे.

पुढच्या फिरतीसाठी दोनच सवयी लावा. लॉज सोडताना पैसे देण्याआधी बिल हातात घ्या, त्यावर कंपनीचं नाव, जीएसटी नंबर आणि रक्कम बघा आणि मग तेवढीच रक्कम यूपीआय करा. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो आणि पंधरा अक्षरांचा असतो. एक अक्षर चुकलं तरी बिल कंपनीच्या नावावर लागत नाही. दुसरी सवय रात्रीची. झोपण्याआधी दिवसभराच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढा आणि बिनपावतीचे खर्च मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एसटीचं तिकीट, पेट्रोलची पावती हे सगळं त्या गुळगुळीत कागदावर येतं. शर्टाच्या खिशात चार दिवस घामात राहिलं की कोरं होतं, आणि कोऱ्या कागदाचे पैसे मीही कधी दिले नाहीत.

हमालाचे ८० बहुधा अडतील. आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा, 'स्वतः का नाही उचललं?' टूलकिटचं वजन किती ते स्टोअरमध्ये काट्यावर बघून व्हाउचरवर लिहून टाका.